वाटणी असमान, म्हणून मृत्युपत्र रद्द?

"बाबांनी धाकटीला फ्लॅट दिला, आम्हा दोघा भावांना नुसत्या ठेवी. सारखं वाटलं नाही तर मृत्युपत्र कोर्टात टिकत नाही ना?"

टिकतं. हिंदू वडील स्वकष्टार्जित मालमत्ता कुणालाही देऊ शकतात. वडिलोपार्जित असेल तर फक्त स्वतःच्या हिश्शापुरतं. (मुस्लीम कायद्यात नियम वेगळे.) कोर्ट सही, दोन साक्षीदार आणि वडिलांची शुद्ध पाहतं. एखाद्या मुलाला डावललेलं दिसलं की मात्र दबावाचा संशय घेतला जाऊ शकतो, आणि तिथे वडिलांनी मृत्युपत्रासोबत ठेवलेलं, कारणं सांगणारं पत्र कामी येतं: "थोरल्याच्या दुकानात 2014 मध्ये बारा लाख घातले, मधल्याच्या घराचे हप्ते मी फेडले, धाकटी मला डायलिसिसला नेते." एवढं पुरे. "फ्लॅट विकून तिघांनी वाटून घ्या" असं काही त्या पत्रात लिहिलं, तर त्यावर साक्षीदार नसल्याने मृत्युपत्र बदलत नाही, भांडण तेवढं लागतं.