कंट्रोलनेटमधील पोझ-नियंत्रण

शब्दांवरून चित्र बनवणाऱ्या स्टेबल डिफ्यूजनसारख्या मॉडेलला शब्दांबरोबर एक मार्गदर्शक चित्र देऊन माणसाची पोझ कायम राखण्याची पद्धत. ल्वमिन झांग, अन्यी राव आणि मनीष अग्रवाला यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२३ मध्ये कंट्रोलनेट मांडले. यात मूळ मॉडेल गोठवलेले असते, म्हणजे ते नव्याने काही शिकत नाही. त्याच्या एका भागाची प्रत मार्गदर्शक चित्रे वाचायला शिकते आणि ते वाचन मूळ मॉडेलच्या कामात मिसळते.

समजा, ढगळ कुर्ता घालून वृक्षासनात उभ्या असलेल्या माणसाचा फोटो आहे आणि प्रॉम्प्टमध्ये मागणी आहे ती चंद्रावरच्या अंतराळवीराची. ओपनपोझ हा प्रीप्रोसेसर, म्हणजे फोटोपासून मार्गदर्शक चित्र तयार करणारे साधन, फोटोतून काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत काड्यांचा सांगाडा काढतो. प्रचलित आराखड्यात नाक, डोळे, कान, मान, खांदे, कोपरे, मनगटे, कंबरेच्या दोन्ही बाजू, गुडघे व घोटे असे १८ बिंदू असतात. डावा-उजवा हात कोणता, हे रंगावरून कळते. कुर्ता या सांगाड्यात येतच नाही, त्यामुळे अंतराळवीराचा पोशाख निर्वेध उतरतो.

मात्र सांगाड्यात खोली नसते आणि पावलेही नसतात. मांडीला टेकलेल्या पायाचा घोटा दुसऱ्या पायाच्या रेषेजवळ पडतो. पाय पुढे आहे की मागे, हे मॉडेलला अंदाजानेच ठरवावे लागते. डोक्यावर जोडलेल्या हातांची मनगटे एकमेकांना चिकटतात, आणि बोटे अनेकदा बिघडतात ती इथेच. म्हणून चित्र बनवण्याआधी सांगाड्याचे पूर्वदृश्य पाहावे. एखादी काडी गायब असेल तर दोष प्रॉम्प्टचा नाही. उभा फोटो चौकोनी चौकटीत कापला गेला, तर वर जोडलेले हातच नाहीसे होतात. हे कारण सर्वांत शेवटी सुचते.

कॅनी हा कडा शोधणारा प्रीप्रोसेसर उलट वागतो. तो पाय पुढे-मागे असण्याची खूण देतो, बोटांच्या कडाही देतो; पण कुर्त्याच्या चुण्या आणि घेरही देतो. मग अंतराळवीर कुर्त्याच्या बेताचा पोशाख घालून उभा राहतो. कोणती कडा धरायची ते ठरवणारे कॅनीचे दोन उंबरठे वाढवले की पुसट चुण्या गळतात, बाह्यरेषा मात्र राहते. तिची पकड सैल करण्यासाठी `Ending Control Step`, म्हणजे चित्र घडण्याच्या पायऱ्यांपैकी किती भागानंतर नियंत्रण थांबते तो आकडा, १ ऐवजी ०.५ च्या आसपास ठेवून पाहतात. आकृतीची मांडणी सुरुवातीच्या पायऱ्यांतच ठरते. पुढच्या पायऱ्यांत नियंत्रण सुटले की कापड बदलायला वाव मिळतो. नियंत्रणाचा जोर ठरवणारे `Control Weight` कमी केल्यानेही पकड सैल होते, पण मग पोझच ढळू लागते.

हाताने काढलेला किंवा आधी जपून ठेवलेला सांगाडा द्यायचा असेल, तर प्रीप्रोसेसर `none` ठेवावा लागतो. नाहीतर ओपनपोझ त्या काड्यांमध्येच माणूस शोधत बसते आणि हाती बहुधा कोरा काळा चौकोन येतो.