मानवी भांडवल आणि तरुण पगारदाराचे शेअर

पुढे मिळणाऱ्या सगळ्या पगाराची आजची किंमत म्हणजे मानवी भांडवल. पगार चालू असताना साठवायचे आणि निवृत्तीनंतर तेच खायचे, ही आयुष्यभराच्या बचतीची मांडणी फ्रँको मोदिग्लियानी आणि रिचर्ड ब्रम्बर्ग यांनी १९५४ मध्ये केली. कोणत्या वयात किती शेअर ठेवावेत, हा पुढचा प्रश्न मानवी भांडवल हिशेबात घेतल्यावरच नीट सुटतो.

भुसावळमध्ये रेल्वेत नुकतीच लागलेली पंचविशीतली मुलगी घ्या. पगार महिना ४० हजार, नोकरीची ३५ वर्षे बाकी, बचत २ लाख. पगार फक्त महागाईइतका वाढेल असे धरून ३ टक्के दराने आजची किंमत काढली, तर मानवी भांडवल सुमारे १ कोटी ३ लाख होते. हा पगार महिन्याच्या महिन्याला येतो आणि बाजार पडला म्हणून थांबत नाही. म्हणजे तिच्याकडे जणू १ कोटीची मुदत ठेव आधीच आहे. एकूण संपत्तीच्या ४० टक्के शेअरमध्ये असावी असे तिला वाटत असेल, तर ४२ लाखांचे शेअर हवेत, आणि हातात आहेत २ लाख. ते सगळे शेअरमध्ये घातले तरी ठरवलेल्या जोखमीच्या जवळपासही ती पोचत नाही. बाजार निम्म्यावर आला तर तोटा १ लाखाचा, एकूण संपत्तीच्या एक टक्क्याहूनही कमी.

पन्नाशीत चित्र बदलते. दहा वर्षांचा पगार उरला, त्याची किंमत ४१ लाख. बचत ४५ लाख झाली असे धरू. आता ८६ लाखांचे ४० टक्के म्हणजे ३४ लाख, बचतीच्या साधारण तीन चतुर्थांश. निवृत्तीच्या दिवशी मानवी भांडवल संपते, तेव्हा बचतीचे ४० टक्केच शेअरमध्ये उरावेत.

‘तरुणाकडे वेळ आहे, म्हणून शेअरची जोखीम कमी’ हे कारण नेहमी सांगितले जाते, पण ते कच्चे आहे. पॉल सॅम्युएलसन आणि रॉबर्ट मर्टन यांनी १९६९ मध्ये दाखवले की, पगाराचे उत्पन्न नसेल आणि परतावे दरवर्षी स्वतंत्र असतील, तर त्यांच्या गणितात शेअरचा वाटा मुदतीवर अवलंबून राहत नाही. वयाप्रमाणे वाटा बदलतो तो पगारामुळे. झवी बोडी यांच्यासह या दोघांनी १९९२ मध्ये आणखी एक मुद्दा जोडला: जास्त तास काम करता येते किंवा निवृत्ती पुढे ढकलता येते, त्याला जोखीम अधिक झेपते.

म्हणून हा नियम सगळ्या तरुणांना लागू होत नाही. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाचे वयही पंचवीसच असेल. पण मे-जूनच्या वावटळीत बाग आडवी झाली की वर्षाचे उत्पन्न गेले. त्याचे मानवी भांडवल मुदत ठेवीसारखे नाही, म्हणून त्याने रोख जास्त आणि शेअर कमी ठेवावेत. शेअर दलालाकडे कमिशनवर काम करणाऱ्याची स्थिती याहून नाजूक: २००८ मध्ये सेन्सेक्स जानेवारीतल्या उच्चांकाच्या निम्म्याखाली गेला, अशा वर्षी त्याचे कमिशन आणि बचत एकदमच आटते. पगारदारानेही सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच वरचा हिशेब करावा, कारण पुढचा पगार तारण ठेवून बँकेतून तो आज उचलता येत नाही.