मिथिक रेडच्या गिल्डमध्ये अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि ट्रायल

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळातल्या एका युरोपियन गिल्डमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या संघात, मी पुण्यातून खेळायचो आणि ऑफिसर म्हणून नव्या लोकांचे अर्ज वाचायचो. चांगले खेळाडू नाकारले जाताना पाहिले, तेव्हा कारण बहुतेक वेळा खेळात नव्हतं, अर्जात होतं. स्वतःची ओळख करून देताना लोक आवड आणि मेहनत यांवर भरभरून लिहितात. ऑफिसरला मात्र त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्या असतात: हा माणूस ठरलेल्या वेळी येईल का, आणि लढाईच्या शेवटापर्यंत जिवंत राहील का?

पात्रतेपासून सुरुवात करू. रेड म्हणजे बॉसांविरुद्धची सांघिक मोहीम आणि मिथिक ही तिची सगळ्यात कठीण पातळी. तिच्यात बरोबर 20 जण लागतात, एक कमी नाही की जास्त नाही. साधारण मांडणी मार अंगावर घेणारे 2 टँक, बाकीच्यांना बरं करणारे 4 हीलर आणि बाकीचे 14 डॅमेज करणारे अशी असते. म्हणजे गिल्डला टँक नको असेल तर उत्तम टँकलाही जागा नाही. भरतीच्या सूचनेत कोणता क्लास आणि कोणती भूमिका हवी आहे ते आधी वाचा. त्यानंतर गिल्डची प्रगती पाहा. ‘5/8 M’ लिहिलं असेल तर 8 पैकी 5 बॉस मिथिकवर मारलेत. तुमचे सगळे बॉस खालच्या हिरोइक पातळीवर मारून झाले असतील आणि गिल्ड मिथिकच्या दुसऱ्या-तिसऱ्या बॉसवर अडकली असेल, तर अर्ज जरूर करा. सातव्यावर असलेल्या गिल्डला तुमच्यासाठी थांबणं परवडत नाही.

रीजनही इथेच तपासून घ्या. युरोप आणि अमेरिका हे वेगळे रीजन आहेत आणि पैसे भरूनही कॅरेक्टर एकातून दुसऱ्यात नेता येत नाही. ऑस्ट्रेलियाचे रेल्म, म्हणजे सर्व्हर, अमेरिकेच्या रीजनमध्ये येतात.

आता वेळ. भारतातून अर्ज करणाऱ्यांचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं, म्हणून एक उदाहरण नीट सोडवून दाखवतो. समजा, शॅडो प्रीस्ट खेळणारी पुण्याची एक मुलगी ऑगस्टमध्ये अर्ज करते. गिल्डची रेड बुधवारी आणि रविवारी, सर्व्हरच्या वेळेनुसार रात्री 8 ते 11. उन्हाळ्यात युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो, म्हणजे आपल्याकडे रात्री 11:30 ते 2:30. तिला ते जमतं आणि ती हो म्हणते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. तीच रेड आता आपल्याकडे 12:30 ते 3:30 होते, आणि बुधवारची रेड आपल्या कॅलेंडरवर गुरुवारी येते. सकाळी नऊला ऑफिस असेल तर मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत असे पाच महिने काढायचे आहेत. तिने अर्जातच दोन्ही वेळा भारतीय घड्याळाप्रमाणे लिहिल्या आणि ‘हिवाळ्यात बुधवारी सगळ्यांच्या आधी एक तास निघावं लागेल’ असं सांगितलं, तर ऑफिसर त्याप्रमाणे बदली माणूस ठरवू शकतो. नोव्हेंबरमध्ये अचानक कळलं तर तिची जागा जाते. सिडनीच्या गिल्डची रात्री आठची रेड आपल्याकडे दुपारी अडीच किंवा साडेतीनला पडते. कॉलेजच्या मुलांना किंवा रात्रपाळी करणाऱ्यांना ती जास्त सोयीची.

यानंतर कागदपत्रं, आणि खरं कागदपत्र एकच: लॉग, म्हणजे खेळाने लिहून ठेवलेली लढाईची नोंद. खेळाच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, नेटवर्क इथे ‘ॲडव्हान्स्ड कॉम्बॅट लॉगिंग’ सुरू करा. रेड सुरू होण्याआधी चॅटमध्ये हे लिहा:

```
/combatlog
```

यानंतर खेळाच्या `Logs` फोल्डरमध्ये `WoWCombatLog` नावाने सुरू होणारी फाइल तयार होऊ लागते. वॉरक्राफ्ट लॉग्ज या साइटच्या अपलोडरने ती चढवायची आणि अर्जात दुवा द्यायचा. रिपोर्ट खासगी ठेवला तर ऑफिसरला काहीच दिसत नाही, म्हणून दुवा पाठवण्याआधी लॉग-आउट करून स्वतः उघडून बघा.

तिथे दिसणारे रंग म्हणजे पर्सेंटाइल. त्याच बॉसवर त्याच स्पेकच्या, म्हणजे क्लासमधल्या त्याच उपप्रकाराच्या, इतर खेळाडूंशी तुमची तुलना असते. जांभळा रंग 75 पासून आणि नारिंगी 95 पासून. पण ही क्रमवारी फक्त बॉस मेला त्या लढाईची असते. वाइप झालेल्या, म्हणजे सगळे मरून हरलेल्या, लढायांना रंग नसतो, आणि मिथिकमधला बहुतेक वेळ वाइपमध्येच जातो. म्हणून मी आधी वाइप उघडायचो आणि मृत्यूंच्या यादीत जायचो. एका अर्जदाराचा आकडा 92 होता. पण त्याच रात्रीच्या 14 वाइपपैकी 7 मध्ये पहिला मेलेला तोच, आणि पाच वेळा जमिनीवरच्या एकाच वर्तुळात. लढाई सहा मिनिटांची आणि हा दुसऱ्या मिनिटाला आडवा! दुसरीचा आकडा 61, पण ती प्रत्येक वाइपमध्ये शेवटच्या पाचांत उभी. आम्ही तिला घेतलं. हीलरांनी तर आकड्यावर भिस्त ठेवूच नये. सोबत किती हीलर होते आणि बाकीच्यांनी किती मार खाल्ला, यावर तो आकडा हलतो.

तुमच्या लॉगमध्ये अशी चूक असेल तर ती तुम्हीच अर्जात लिहा: कोणत्या बॉसवर, कशाने मेलो, पुढच्या आठवड्यात काय बदललं. ऑफिसरला ती दिसणारच आहे. लढाई चालू असतानाचा तुमच्या स्क्रीनचा एक फोटोही जोडा. बॉसच्या सूचना स्क्रीनच्या मध्यभागी दिसतात की कोपऱ्यात हरवल्यात, हे त्यातून लगेच कळतं. डिस्कॉर्डवर माइक चालतो का तेही लिहा. इंग्रजी अडखळत असली तर चालतं, ‘माझ्यावर डिबफ आहे, डावीकडे जातोय’ एवढं वेळेत सांगता यायला हवं.

अर्ज मंजूर झाला की दहा-पंधरा मिनिटं आवाजी बोलणं होतं आणि मग ट्रायल, बहुतेक ठिकाणी दोन ते चार आठवडे. या काळात लुटीत तुमचा नंबर शेवटी असतो. फ्लास्क, जेवण, पोशन, एन्चांट, जेम हे सगळं स्वतःचं घेऊन यायचं. रेडच्या वेळेआधी दहा मिनिटं दारात उभं राहायचं.

जुन्या लोकांना विचारायचे प्रश्न ट्रायलआधीच्या आवाजी बोलण्यातच विचारा. पहिला बेंचचा. 20 जागांसाठी गिल्डला दोन-चार माणसं जास्त ठेवावीच लागतात, मग बाहेर कोण बसतं: पाळीपाळीने, की नेहमी नवा माणूसच? दुसरा लुटीचा: ऑफिसर मंडळ ठरवतं, की पॉइंट असतात? तिसरा, ट्रायल संपल्याचं कोण आणि कधी सांगणार? या तिसऱ्या प्रश्नाला तारीख मिळाली नाही, तर दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी स्वतः ऑफिसरला निरोप टाका आणि ‘माझ्या कोणत्या दोन गोष्टी सुधारायला हव्यात’ असं थेट विचारा. लॉग उघडून बॉसचं नाव घेऊन उत्तर देणारा ऑफिसर तुमचा विचार करतोय. ‘सगळं ठीक आहे’ एवढंच दोनदा ऐकलं, तर दुसरीकडचा अर्ज लिहायला घ्या.