टाइमआउटनंतरचा रिट्राय

"टाइमआउट आला म्हणजे रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही. बिनधास्त पुन्हा पाठवा."

कधी पोचलेली नसते, हे खरं. पण कधी ती पोचते, सर्व्हर नोंदही करतो आणि उत्तर परत येताना रेंज जाते. फोनला दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात.

करून बघा. टेस्ट सर्व्हरवर ऑर्डर सेव्ह झाल्यावर, उत्तर पाठवण्याआधी 15 सेकंदांचा थांबा घाला आणि ॲपचा टाइमआउट 10 सेकंद ठेवा. स्क्रीनवर 'अयशस्वी' येईल, डेटाबेसमध्ये मात्र ऑर्डर असेल. रिट्राय केलात की दुसरीही पडेल.

नुसती माहिती आणणारी `GET` पुन्हा पाठवली तर बिघडत नाही. ऑर्डरसाठी मात्र बटण दाबताच ॲपने एक युनिक की तयार करून फोनमध्ये साठवावी आणि प्रत्येक रिट्रायला तीच पाठवावी. (दर खेपेला नवी की बनवली, तर सगळंच मुसळ केरात.) ती की आधी येऊन गेली असेल, तर सर्व्हरने नवी ऑर्डर न घेता जुनंच उत्तर द्यावं.

सर्व्हरचं उत्तर मिळेपर्यंत स्क्रीनवर 'ऑर्डर फेल' लिहू नका. 'ऑर्डर झाली की नाही, अजून कळलेलं नाही. तपासतोय' एवढंच त्या क्षणी खरं असतं.