साइडबोर्ड की बुफे? छोट्या डायनिंगमध्ये फरक कुठे पडतो

दुकानात गेलात तर एकाच कपाटाला एक जण साइडबोर्ड म्हणेल, दुसरा बुफे आणि तिसरा सरळ क्रॉकरी युनिट. म्हणून नावावर जाऊ नका, पाय आणि उंची बघा. साइडबोर्ड साधारण बुटका, ३० इंचांच्या आसपास, पाय आखूड किंवा थेट जमिनीला टेकलेला. बुफे उंच असतो, ३४ ते ३८ इंच आणि खाली लांब पाय. मूळ फरक एवढाच, पण छोट्या जागेत तोच महत्त्वाचा ठरतो.

बरेच जण म्हणतात की साइडबोर्डमध्ये सामान जास्त मावतं. मी टेप घेऊन बसले तेव्हा कळलं की तसं काही नाही. समजा साइडबोर्ड ३० इंच आहे, खाली ३ इंचांची पट्टी गेली, वरखालच्या फळ्यांचा दीड इंच गेला, आत उरले साडेपंचवीस. आता बुफे ३६ इंच धरा, पाय ८ इंच, फळ्यांचा तोच दीड, आत उरले साडेसव्वीस. म्हणजे जागा जवळपास सारखीच, तेव्हा प्रश्न हा की वरच्या फळीवर तुम्ही वाढणार आहात की फक्त ठेवणार आहात.

वाढायचं असेल तर उंची लागतेच. डायनिंग टेबल ३० इंचांचं असतं कारण आपण त्याला बसून जेवतो, पण त्याच उंचीवर उभं राहून पातेल्यातून वरण वाढायला लागलो की दर वाटीला कमरेत वाकावं लागतं, आणि गणपतीत वीस माणसं जेवली की पाठ बोलायला लागते. स्वयंपाकाच्या ओट्याची उंची तुमच्या हाताला सवयीची असते ना, बुफे त्याच्या जवळपास हवा. घरी उंची बदलणारं इस्त्रीचं टेबल असेल तर एकदा ३० वर आणि एकदा ३५ वर लावून वर रिकामं पातेलं ठेवा आणि डावाने वाढून बघा, लगेच कळेल. सासूबाईंनी एकदाच करून बघितलं आणि म्हणाल्या, "मला उंचवालाच हवा गं, गुडघे आणि कंबर दोन्ही वाचतील."

आता खोली, म्हणजे पुढे किती येतं ते. इथेच लोक फसतात. आमचा डायनिंगचा कोपरा ८ बाय ९ फूट, टेबल ४ बाय अडीच फुटी, चार खुर्च्या, दोन-दोन लांब बाजूंना. कपाट लांब बाजूच्या भिंतीला लावायचं म्हटलं तर ९६ इंचांतून टेबलाचे ३० गेले, दोन्हीकडे ३३-३३ उरले, त्यातून १६ इंच कपाटाला दिले की खुर्चीला उरतात १७, माणूस बसला तर उठताच येणार नाही. म्हणून आम्ही ते टेबलाच्या आखूड बाजूला, जिथे खुर्चीच नाही तिथे लावलं. १०८ इंचांत कपाट १६, मध्ये ३० मोकळे, टेबल ४८, पलीकडे १४ उरले. ते ३० इंच फुकट जात नाहीत हो, शटर उघडून पुढे उभं राहायला तेवढे लागतातच. तेवढीही जागा नसेल तर सरकती शटर्स करा, मात्र तेव्हा एका वेळी अर्धंच कपाट उघडं मिळतं.

१६ इंच का, तर आपली मोठी स्टीलची ताटं १२-१३ इंचांची. शटर आणि मागची प्लाय धरून एक इंच गेला की आत १५ राहतात, ताटं आरामात जातात. १२ इंच खोलीचं नाजूक कपाट शोरूममध्ये फार छान दिसतं, पण आत ११ उरतात आणि ताटं उभी करावी लागतात. कुकर ठेवायचा असेल तर तो मूठ आडवी करूनच, हे धरून चाला. म्हणून दुकानात जाताना घरातलं सगळ्यात मोठं ताट पिशवीत घालून न्या, मी नेलं होतं.

लांब पायांचा अजून एक फायदा, खालून झाडू आणि पोछा जातो. पाय निदान ६ इंचांचे हवेत, नाहीतर हात जात नाही आणि धूळ तिथेच साठते. जमिनीला टेकलेल्या साइडबोर्डखाली पावसाळ्यात ओल धरली की तळाची फळी फुगते, विशेषतः पार्टिकल बोर्ड असेल तर. कडेला बोट फिरवा, सनमायका उचललेला जाणवला तर ओल आत गेली समजा. आणि गरम पातेलं थेट सनमायकावर नाही, खाली चुंबळ किंवा लाकडी पाट ठेवाच.

घरात दोनच माणसं, पाहुणे क्वचित, जेवण थेट टेबलावरच येतं, तर बुटका साइडबोर्ड खुशाल घ्या. वर फोटो आणि पाण्याचा जग राहील, भिंतही मोकळी दिसेल.