छापायचा परिचय आणि वाचायचा परिचय

व्याख्यानमालेच्या आदल्या संध्याकाळी वक्त्याकडून परिचय येतो आणि आपण तो प्रिंट काढून निवेदिकेच्या हातात देतो. दादरच्या एका कार्यक्रमात मीही हेच केलं होतं. निवेदिका चांगली होती, आवाज गोड होता, तरी तिसऱ्या वाक्यात ती अडकली. कागद चुकीचा होता. तो छापण्यासाठी लिहिलेला परिचय होता आणि आम्ही तो वाचायला दिला होता.

दोन्हींत माहिती साधारण तीच असते, म्हणून गल्लत होते. एक उदाहरण घेऊ. समजा वक्ते चव्हाण नावाचे निवृत्त अभियंते आहेत आणि विषय मिठी नदी. पत्रिकेवरचा मजकूर असा असेल:

«श्री. चव्हाण हे स्थापत्य अभियंता असून म.न.पा.च्या पर्जन्य जलवाहिन्या खात्यात कार्यरत असताना त्यांनी 26/7/2005 च्या अतिवृष्टीनंतर मिठी नदीच्या पाणलोट क्षेत्राचा अभ्यास केलेला आहे.»

पत्रिकेत हे ठीक आहे. वाचणारा 'पाणलोट क्षेत्र' पाशी थांबून मागे जाऊ शकतो. सभागृहात बसलेल्याला ती सोय नाही. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'असून', 'असताना' जोडत गेलं की माणसाने नेमकं काय केलं हे कळेपर्यंत ऐकणारा वाक्याची सुरुवात विसरलेला असतो. आणि 'म.न.पा.' कसं वाचायचं? 26/7 ला 'सव्वीस सात' म्हणायचं की 'सव्वीस जुलै'? डोळ्यांना हे प्रश्न पडत नाहीत, जिभेला पडतात.

तोच माणूस वाचण्यासाठी लिहिला की असा होतो:

«सव्वीस जुलै, दोन हजार पाच.
सांताक्रूझला चोवीस तासांत नऊशे चव्वेचाळीस मिलिमीटर पाऊस पडला.
तुमच्यापैकी कित्येक जण त्या रात्री घरी पोचले नव्हते.
आजचे पाहुणे तेव्हा महापालिकेत इंजिनिअर होते.
पाणी ओसरलं, आणि ते मिठीच्या काठाने चालत निघाले.
विहार तलावापासून माहीमच्या खाडीपर्यंत.
नदी कुठे अडते, ते त्यांनी पाहून ठेवलं.
पुलावरून जाताना आपण जिला नाला म्हणतो,
तिला आजही नदी म्हणणारे… चव्हाण सर.»

एक ओळ म्हणजे एक श्वास. आकडे अक्षरांत, कारण चव्वेचाळीस की चौपन्न हा घोळ माइकसमोरच होतो. घड्याळ लावून वाचलं तर हे अर्ध्या मिनिटात संपतं. सन्मान वगैरे घालून एक मिनिट झालं तरी चालेल, त्यापुढे मात्र पाहुणे खुर्चीत चुळबुळ करू लागतात. टाइप मोठा ठेवा आणि मजकूर एकाच पानावर बसवा.

उच्चाराचं काम मुंबईत जरा जास्त करावं लागतं. निवेदक घरी गुजराती किंवा हिंदी बोलणारा असू शकतो, आणि देवनागरी त्याला पुरतं सांगत नाही. 'चव्हाण' मधला च हा चाकातला च, चंद्रातला नव्हे. लिहिताना मात्र दोन्ही एकच. 'जाधव', 'माझगाव' यांचंही तेच. कागदावर नावाच्या वर पेन्सिलीने 'चाक' असं लिहून ठेवलं की पुरतं. तरी खात्रीचा उपाय म्हणजे वक्त्याला फोन करून त्याच्याच तोंडून नाव ऐकणं आणि निवेदकाने ते त्याला परत म्हणून दाखवणं. पाठ केलेलं नाव गर्दीसमोर निसटतं, मोठ्याने दोनदा म्हटलेलं सहसा निसटत नाही.

सगळ्यात मोठा फरक शेवटात आहे. छापील परिचय नावाने सुरू होतो, कारण वाचणारा आधी नाव शोधतो. वाचायच्या परिचयात नाव सगळ्यात शेवटी ठेवावं. पत्रिकेवर ते छापलेलं असतंच, तेव्हा हे काही गुपित नाही. पण नाव ऐकलं की हात टाळीला उठतात. आपल्याकडे नावानंतर हमखास येतं, 'मी त्यांना विनंती करते की त्यांनी आपले मनोगत व्यक्त करावे.' दादरला तेच झालं. नाव ऐकताच पाहुणे खुर्चीतून उठले, टाळ्या सुरू झाल्या, आणि निवेदिका अजून विनंतीच करत होती. ते अर्धवट उभे, पुन्हा बसावं की पुढे यावं या विचारात.

नावाच्या आधीची ओळ लक्षात राहावी असं वाटत असेल तर ती वक्त्याच्या कामातूनच काढा. 'नाला आणि नदी' ही जोडी चव्हाणांखेरीज कुणाला लावता येणार नाही, 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व' कुणालाही लावता येतं. मात्र ओळ लिहिली की वक्त्याला वाचून दाखवा. त्याच वाक्याने तो भाषण सुरू करणार असेल तर त्याचा घास आपण काढून घेतलेला असतो. आणि तो 'मी सगळी नदी चाललो नाही हो, कुर्ल्यापर्यंतच' असं म्हणाला, तर ओळ तिथल्या तिथे बदला.