वॉर्डाची ऑक्सिजन पाइपलाइन: मंजुरीच्या फाइलमध्ये काय हवे

परवानगी नेमकी कशाला लागते, इथेच अनेकांचा घोळ होतो. द्रव ऑक्सिजनची टाकी 1000 लिटरपेक्षा मोठी असेल तर दाबाच्या टाक्यांसाठीच्या 2016 च्या एसएमपीव्ही नियमांनुसार 'पेसो' या केंद्र सरकारच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेचा परवाना हवा. या संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. जागा आणि आराखड्याची मंजुरी काम सुरू करण्याआधी घ्यायची, परवाना काम झाल्यावर मिळतो. पण टाकीचा परवाना हातात आला म्हणजे शेवटच्या खाटेला पुरेसा दाब मिळेलच असे नाही. ते सिद्ध करायला पाइपलाइनची हिशेबाची फाइल लागते.

तिचा पहिला कागद म्हणजे खाटानिहाय प्रवाहाचा तक्ता. साध्या वॉर्डासाठी ब्रिटनच्या एचटीएम 02-01 या वैद्यकीय वायूंच्या मार्गदर्शिकेतले सूत्र बरेच जण वापरतात. Q म्हणजे मिनिटाला लिटर, n म्हणजे खाटा:

```
Q = 10 + (n − 1) × 6/4
```

24 खाटांना मिनिटाला 44.5 लिटर येतात. इतक्या प्रवाहाला 15 मिमीची तांब्याची नळी 60 मीटर नेली तरी दाब एक किलोपास्कलसुद्धा पडत नाही. म्हणून ठेकेदार तीच टाकतो, आणि कागदावर तो बरोबरच असतो.

आता त्याच वॉर्डात नाकातून जोरदार प्रवाहाने ऑक्सिजन देणारी 10 एचएफएनसी यंत्रे लावा, प्रत्येकी मिनिटाला 60 लिटर. एकूण 600 लिटर. तीच नळी आता सुमारे 60 किलोपास्कल खाते आणि पाइपलाइनच्या ठरलेल्या 400 किलोपास्कल दाबाचे 340 उरतात. पाइपलाइनच्या आयएसओ 7396-1 या मानकाप्रमाणे घट 10 टक्क्यांच्या आत, म्हणजे किमान 360 हवेत. 22 मिमीची नळी घेतली की घट 10 किलोपास्कलच्या आत येते. त्यामुळे वॉर्डात पुढे कोणती यंत्रे येणार हे डॉक्टरांकडून लेखी घेऊन फाइलला जोडा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच.

अलार्म तर दाब 20 टक्के ढळल्यावरच वाजतो, म्हणजे 320 च्या खाली किंवा 480 च्या वर. वरच्या उदाहरणात 340 वर दाब मर्यादेखाली गेलेला असेल आणि भिंतीवरचा दिवा हिरवाच राहील. शिवाय सेन्सर झोन व्हॉल्व्हजवळ, म्हणजे वॉर्डाच्या एका भागाचा पुरवठा बंद करणाऱ्या व्हॉल्व्हजवळ असतो, शेवटच्या खाटेजवळ नाही. तो व्हॉल्व्हच्या रुग्णाकडच्या बाजूला आहे ना, हे नकाशात तपासा. उलट बाजूला असेल तर कुणी व्हॉल्व्ह बंद केला तरी अलार्म गप्प राहतो. एचएफएनसीच्या खाटांना वेगळा झोन द्या, म्हणजे दुरुस्तीसाठी अख्खा वॉर्ड बंद करावा लागत नाही. अलार्मचे पॅनेल मात्र नर्सिंग स्टेशनवरच हवे. कॉरिडॉरच्या टोकाला ते कोण पाहणार?

काम झाल्यावर गळती, प्रवाह-दाब, वायूची शुद्धता आणि क्रॉस कनेक्शन या चाचण्यांचे सही केलेले अहवाल जोडा. क्रॉस कनेक्शन, म्हणजे एका वायूची नळी चुकून दुसऱ्याला जोडली गेली आहे का, हे तपासताना एका वेळी एकच वायू चालू ठेवून प्रत्येक आउटलेट पाहायचे असते. 'सर्व ठीक' असा एका ओळीचा दाखला परत पाठवा, आउटलेटनिहाय आकडे मागा. प्रवाह-दाबाची चाचणीही शेवटच्या खाटेवर आणि इतर आउटलेट चालू ठेवूनच झाली पाहिजे.